बाण, वर्तुळे आणि आकडे: वहीच्या पानावरचा खरा क्रम

वहीच्या पानाचा फोटो वरून खाली वाचत गेले तर बहुधा चुकीचाच क्रम हाती लागतो, कारण लिहिणाऱ्याने विचार मागाहून हलवलेले असतात. म्हणून आधी पानावरचा प्रत्येक तुकडा जसाच्या तसा, क्रमाचा विचार न करता उतरवून घ्यावा. जोडणी नंतर करावी.

समजा, भूगोलाच्या टिपणात वरच्या ओळीत ‘घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस’ आहे आणि शेजारी ② आहे. त्याखाली ‘पूर्वेला पर्जन्यछाया’ ही ओळ असून तिला ③ दिला आहे. पानाच्या तळाशी एका वर्तुळात ‘वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात’ असे लिहून बाहेर ① काढला आहे. डाव्या समासात ‘अरबी समुद्रावरून बाष्प’ असे असून तिथून निघालेला बाण ‘वारे’ या शब्दाच्या आधीच्या काकपदाशी, म्हणजे ^ या खुणेशी, थांबतो.

आकडे दुसऱ्या शाईत असतील तर ते बहुधा नंतरचे असतात. अशा वेळी ओळींच्या जागेपेक्षा आकड्यांचा शब्द अंतिम मानावा. इथे वर्तुळ सर्वांत आधी येते आणि समासातला मजकूर त्याच्याही तोंडाशी बसतो: ‘अरबी समुद्रावरून बाष्प आणणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, त्यामुळे घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो आणि पूर्वेला पर्जन्यछाया राहते.’ कारण पुढे आले आणि परिणाम मागे गेला. ‘त्यामुळे’ घातल्यावर वाक्य सरळ चालते, हीच जुळणी बरोबर असल्याची मोठी खूण. मात्र असे जोडशब्द आपण घातले आहेत, हे नक्कल करताना कळेल असे वेगळे दाखवावे.

सगळ्यात जास्त फसवतो तो बाण. दोन शब्दांमधला आखूड बाण सहसा ‘म्हणून’ सांगतो, तर समासातून येणारा लांब, वळणदार बाण मजकूर हलवायला सांगतो. टोक पुसट असेल तर दोन्ही शेवट मोठे करून पाहावेत: टोकाला दोन आखूड तिरक्या रेघा असतात, शेपटीला नसतात. दोन बाण एकमेकांना छेदतात तिथे हाताच्या ओघात पुढे जाणारी रेघ धरावी; छेदावर एकदम वळणारी रेघ बहुधा दुसऱ्या बाणाची असते. बाण वर्तुळाच्या कडेशी थांबला तर तो सगळ्या गटाला लागू होतो. आत शिरून एका शब्दाशी थांबला तर बहुधा त्या शब्दापुरताच. एकाच शब्दाभोवतीचे वर्तुळ मात्र बरेचदा फक्त महत्त्व दाखवते.

आकड्यांत ② नंतर थेट ④ आला तर ③ फोटोच्या कडेला कापला गेला आहे का किंवा मागच्या पानावर आहे का, ते तपासावे. हाताच्या सावलीत पेन्सिलीच्या रेघा बुडतात. प्रतीचा उजेड वाढवून त्या पाहाव्यात आणि मूळ फोटो तसाच ठेवावा. एवढे करूनही बाण लागला नाही, तर तो तुकडा अंदाजाने कुठेही बसवू नये; चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह वेगळा ठेवावा आणि लिहिणाऱ्याला विचारावे.