जुलाबाच्या दिवशी कोणती गोळी थांबवायची?

समजा, साताऱ्यातले बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पंधरा वर्षांपासून मधुमेह, दहा वर्षांपासून रक्तदाब. क्रिएटिनिन 1.9, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता साधारण चाळीसच्या आसपास उतरलेली. रविवारी लग्नाचं जेवण झालं आणि रात्री दोन वाजता पोट बिघडलं. सकाळपर्यंत सहा जुलाब आणि दोन उलट्या. घरातल्यांनी पेजेचं पाणी दिलं आणि नेहमीच्या सवयीने सकाळच्या गोळ्या पुढे केल्या. 'आजारी आहात, गोळी चुकवू नका,' हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की यात काही गैर असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

त्या दिवशी मात्र यांतल्या काही गोळ्या न घेणंच बरं. का, ते कळायला किडनीच्या आत काय चालतं हे थोडं पाहावं लागेल. किडनीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छात एका बारीक रक्तवाहिनीतून रक्त येतं आणि दुसरीतून बाहेर पडतं. जुलाबाने शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की आत येणाऱ्या रक्ताचा दाब घसरतो. अशा वेळी शरीर बाहेर जाणारी वाहिनी आवळून गुच्छातला दाब टिकवून धरतं. किडनीची ही स्वतःची बचाव यंत्रणा आहे.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या ही आवळण्याची क्रियाच रोखतात. एरवी तेच हवं असतं, कारण त्यामुळे गुच्छावरचा ताण कमी होतो आणि किडनी जास्त वर्षं टिकते. पण शरीर कोरडं पडलेलं असताना हाच गुण उलटतो. त्यात फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड अशी लघवीची गोळी असेल, तर उरलंसुरलं पाणीही बाहेर पडतं. आणि अंग दुखतंय म्हणून कुणी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून दिली, तर आत येणारी वाहिनीही आखडते. तिन्ही औषधं एकाच वेळी पोटात गेली, तर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं आणि रक्तातलं पोटॅशियम हृदयाला घातक पातळीपर्यंत चढू शकतं. वेदनाशामक गोळी तर या रुग्णांनी एरवीही टाळायची असते. ताप किंवा अंगदुखीसाठी त्यांना पॅरासिटामॉल ठीक.

मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. पण किडनी मंदावली की ते शरीरात साठतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर काढतात. शिवाय उपाशीपोटी ती घेतल्यास रक्तात कीटोन साचतात, आणि ते अशा रीतीने की ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. म्हणून साखर ठीक असूनही मळमळ, पोटदुखी आणि धाप वाढत असेल, तर घरी थांबू नये. ग्लिमेपिराइडचं भय साधं आहे: खाल्लं नाही तर साखर एकदम खाली येते.

आता शिक्षकांचा सोमवारचा डबा उघडू. त्यात चारच गोळ्या दिसतात: एक रक्तदाबाची, एक साखरेची, एक डापाग्लिफ्लोझिन आणि एक अ‍ॅम्लोडिपिन. पण रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे, म्हणजे टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे. साखरेच्या गोळीच्या नावात 'एम' आहे, म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. चार गोळ्यांत सहा औषधं, आणि त्यांपैकी पाच थांबवण्याच्या यादीतली! आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि माझ्या मते हा नियम इथेच सर्वांत जास्त फसतो. 'मी लघवीची गोळी घेतच नाही' असं रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. अक्षरांचा अर्थही कंपनीगणिक बदलतो, म्हणून नावावरून अंदाज करू नये. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते वाचावेत किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावेत.

शिक्षकांनी पहिल्या तीन गोळ्या थांबवल्या. अ‍ॅम्लोडिपिन यादीत नाही, पण घरच्या यंत्रावर वरचा रक्तदाब 100च्या खाली दिसला, म्हणून ती घेण्याआधी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं आणि घोट घोट घेतलं. शहाळ्याचं पाणी मुद्दाम टाळलं. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, पण तेवढ्याच शहाळ्याच्या पाण्यात ते साधारण तिप्पट भरतं. साखर दिवसातून चारदा तपासली. मंगळवारी रात्री जुलाब थांबले, बुधवारी ते नेहमीसारखं जेवले. गुरुवार-शुक्रवारी, म्हणजे नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर 24 ते 48 तासांनी, तिन्ही गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा चालू. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई करायची नसते.

एक-दोन पातळ शौच झाले आणि जेवण-पाणी नीट चालू असेल, तर यातलं काहीच करायला नको. दुसरीकडे, लघवी फार कमी झाली, उभं राहताच चक्कर आली, पाणीही पोटात टिकेना, ग्लानी आली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर घरचे उपाय बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं. सलाइन आणि रक्ततपासणी लागेल.

काही औषधांना मात्र आपल्या मनाने हातच लावायचा नाही. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची. रोजचं स्टेरॉइड, फिटची औषधं, हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर ही अचानक तोडली तर तोच नवा आजार होतो. किडनी बदललेल्यांनी प्रत्यारोपणाची औषधं चालू ठेवून लगेच डॉक्टरांना कळवावं, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. हृदय कमकुवत असणाऱ्यांची लघवीची गोळी थांबवली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. डायलिसिसवाल्यांचं पाण्याचं गणितच वेगळं असतं. या सगळ्यांनी आपला नियम आधीच विचारून ठेवलेला बरा.

हा नियम कितपत उपयोगी पडतो? शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो पटणारा आहे, पण त्याने किती किडन्या वाचतात याचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. शिवाय नियम कागदावर देऊन रुग्णांकडून तो पाळून घेण्याच्या प्रयोगांत बरेच जण चुकीची गोळी थांबवतात, असंही दिसलं आहे. दुसरी चूक आणखी सोपी: बरं वाटलं की थांबवलेल्या गोळ्या तशाच बंद राहतात. टेल्मिसार्टन महिनोन्‌महिने बंद राहिलं, तर किडनीचं नुकसान चालूच राहतं आणि ते जाणवतही नाही. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या मागे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या गोळ्या थांबवायच्या, कधी सुरू करायच्या आणि रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा. आजार दोन दिवसांपेक्षा लांबला असेल, तर बरं वाटल्यावर आठवड्याभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी, आणि गोळ्या कोणत्या तारखेला थांबवल्या व कधी सुरू केल्या हे त्या रिपोर्टवरच लिहून डॉक्टरांना दाखवावं.