घरमालकाची हिंदी : भाडं, गळती आणि ‘कल’

चाकण, भोसरी, वाळूजच्या पट्ट्यात घरामागे चार खोल्या बांधून त्या भाड्यानं देणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. भाडेकरू बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार किंवा मध्य प्रदेशातून कंपनीत कामाला आलेला असतो. घरमालकाला हिंदी कळते, बोलताही येते. तरी दर महिन्याला काहीतरी बिनसतं. भाडं एकदम जमत नाही म्हणून भाडेकरू अडचण सांगतो, मालक मोठ्या मनानं म्हणतो, “ठीक है, दो हफ़्ते में दे दो.” मालकाच्या मनात दोन हप्ते आहेत, अर्धं आज आणि अर्धं वीस तारखेला. भाडेकरूनं ऐकलेलं असतं की सगळे पैसे दोन आठवड्यांनी द्यायचे आहेत. हिंदीत ‘हफ़्ता’ म्हणजे आठवडा. आपल्या हप्त्याला तिथं ‘किस्त’ म्हणतात. वाक्य हवं होतं ते असं : “दो किस्तों में दे दीजिए. आधा आज, आधा बीस तारीख को.”

घरमालकाची हिंदी अडते ती अशाच ठिकाणी. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो आणि विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र न थांबता वापरला जातो. म्हणून भाड्या-दुरुस्तीच्या बोलण्यात प्रत्येक वेळी चार गोष्टी उच्चारून सांगाव्यात : कोण, किती, कधीपर्यंत आणि खर्च कोणाचा. या चारही जागी मराठी माणसाची पावलं कुठं घसरतात, ते पाहू.

सुरुवात हाक मारण्यापासून. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की मान दिला गेला. त्याच सवयीनं आपण हिंदीत ‘तुम’ म्हणतो. पण हिंदीतला ‘तुम’ बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी असतो. आपल्या ‘तुम्ही’चं काम तिथं ‘आप’ करतो, आणि ‘आप’सोबत क्रियापदही बदलतं. “तुम किराया कब देगा?” हे मुंबईच्या बाजारात चालून जातं, पण बायकामुलांसमोर दारात उभं राहून विचारलं तर भाडेकरूला ते झोंबतं. “आप किराया कब तक दे देंगे?” हे तेवढंच सोपं आहे. ‘भैया’ हा शब्द त्याच्या गावाकडे भावासाठी आहे, पण महाराष्ट्रात तो हिणवण्यासाठीही वापरला गेल्यामुळे टाळलेला बरा. नावापुढे ‘जी’ लावावं, नाहीतर ‘भाईसाहब’ म्हणावं. घरात बाईच असेल तर ‘भाभी जी’.

‘कोण’ या प्रश्नात दुसरी गंमत ‘हम’ची. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडचा माणूस स्वतःलाच ‘हम’ म्हणतो, आणि ‘हमने दिया’ऐवजी ‘हम दिए’ म्हणतो. “हम तो दे दिए थे” म्हणजे ‘मी दिले होते’. खोलीत तिघं राहत असतील, तर हा ‘हम’ एकटा की तिघं मिळून, हे विचारून घ्यावं : “आपने अपना हिस्सा दिया, या तीनों का पूरा दे दिया?” आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हिंदीत दोन्हींना ‘हम’च. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी “हम करवा लेंगे” असं कोणीही म्हटलं, तरी पैसे कोणाच्या खिशातून जाणार ते कळत नाही. तिथं ‘मैं’ आणि ‘आप’ हेच शब्द वापरावेत : “प्लंबर को मैं भेजूँगा, खर्च भी मैं दूँगा.” किंवा, “काँच आपसे टूटा है, इसका खर्च आपको देना होगा.”

आता ‘कधीपर्यंत’. मराठीत काल गेलेला आणि उद्या येणारा. हिंदीत दोन्हींना ‘कल’, आणि परवा मागचा असो की पुढचा, ‘परसों’च. अर्थ फक्त क्रियापदावरून कळतो : ‘कल दिया’ म्हणजे काल, ‘कल दूँगा’ म्हणजे उद्या. फोनवर आवाज तुटला आणि नुसता ‘कल’ ऐकू आला, तर मालक समजतो पैसे उद्या येणार आणि भाडेकरू सांगत असतो की काल पाठवले. म्हणून पैशाच्या बोलण्यात ‘कल’ ऐकला की लगेच तारीख विचारावी : “कल मतलब नौ तारीख?” मुदत सांगताना ‘तक’ हवा. “पाँच तारीख को” म्हणजे नेमकं पाच तारखेला, “पाँच तारीख तक” म्हणजे पाचपर्यंत केव्हाही.

मुदतीच्या वाक्यात जोर किती द्यायचा, हे क्रियापदावर ठरतं. “पाँच तक दे दीजिएगा” ही नेहमीची, सौम्य विनंती. “पाँच तक देना होगा” ही अट, ठाम पण शांत. “देना पड़ेगा” यात जबरदस्तीचा सूर आहे, भांडण नको असेल तर तो टाळावा. आणि आपल्या ‘दिलं पाहिजे’वरून आपण जे “देना चाहिए” म्हणतो, ते हिंदीत सल्ल्यासारखं वाटतं, म्हणजे ‘दिलेलं बरं’. मालकाला वाटतं आपण ताकीद दिली. भाडेकरूला वाटतं सुचवलं.

‘किती’च्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे, कारण सव्वा, दीड, अडीच, साडे हे सगळं हिंदीतही आहे : सवा, डेढ़, ढाई, साढ़े. साडेसात हजार म्हणजे ‘साढ़े सात हज़ार’, पावणेनऊ म्हणजे ‘पौने नौ’. अडचण दोन अंकी आकड्यांत येते. आपले पन्नास तिथं ‘पचास’, पंचावन्न ‘पचपन’. जिथं जीभ अडखळेल तिथं आकडा फोडून सांगावा किंवा कागदावर लिहावा.

दुरुस्तीच्या शब्दांत तर सापळेच सापळे. छत गळतंय म्हणून आपण “छत गल रही है” म्हणतो. हिंदीत ‘गलना’ म्हणजे वितळणं, कुजणं किंवा शिजून मऊ होणं. आपली ‘गळती’ तर तिथं थेट ‘ग़लती’ ऐकू येते, म्हणजे चूक. “बाथरूम में ग़लती है” म्हटल्यावर बिचारा भाडेकरू आपलं काय चुकलं ते शोधू लागतो. थेंब थेंब पडत असेल तर ‘टपकना’ : “नल टपक रहा है”, “छत टपक रही है”. भिंतीतून, सांध्यातून झिरपत असेल तर ‘रिसना’ : “पाइप के जोड़ से पानी रिस रहा है.” भिंतीला ओल आली तर “दीवार में सीलन आ गई है.” हे तीन शब्द वेगळे ठेवले की प्लंबर बोलवायचा की गवंडी, हेही फोनवरच कळतं. नळ टपकत असेल तर बहुधा वॉशर बदलून भागतं. सीलन असेल तर भिंतीमागची पाइप किंवा वरच्या खोलीचं बाथरूम बघावं लागतं.

तसंच ‘मोडणं’. दाराची कडी मोडली तर हिंदीत “कुंडी टूट गई”. ‘मुड़ गई’ म्हणजे नुसती वाकली. पाइप फुटला तर “पाइप फट गया”. गटार तुंबलं तर “नाली जाम हो गई”. नवा नळ बसवायचा तर ‘लगवाना’, कारण ‘बसाना’ म्हणजे वस्ती करवणं. सकाळी टाकीचं पाणी सोडलं की आपण सहज “नल छोड़ा है” म्हणतो. त्यातून भाडेकरूला वाटू शकतं की नळ उघडाच राहिलाय. तिथं म्हणावं, “पानी चालू कर दिया है, भर लीजिए.” ‘जागा’ हा शब्दही तिथं ‘जागा झाला’ असा आहे; आपल्या जागेला ‘जगह’ किंवा सरळ ‘कमरा’ म्हणावं.

लिंगाची फार काळजी नको. घरातली आपली नपुंसकलिंगी नावं हिंदीत बहुधा पुल्लिंगी होतात : पाणी, घर, बिल यांना ‘का’ आणि ‘हो गया’ लावावं, भाड्याचा ‘किराया’, कुलपाचा ‘ताला’, दाराचा ‘दरवाज़ा’ हेही पुल्लिंगीच. ‘छत’, ‘दीवार’, ‘चाबी’, ‘रसीद’, ‘तारीख’, ‘मरम्मत’ मात्र स्त्रीलिंगी.

आता हे सगळं एका प्रसंगात लावून पाहू. समजा भाडं 7,500 रुपये, विजेचे 650, म्हणजे एकूण 8,150. पाच तारखेपर्यंत भाडेकरूनं 5,000 दिले. आज आठ तारीख, बाकी 3,150, आणि त्याची तक्रार की बाथरूमचा नळ टपकतोय.

“नमस्ते भाईसाहब, दो मिनट बात कर सकते हैं?”

“हाँ, बोलिए.”

“इस महीने का किराया साढ़े सात हज़ार और बिजली का बिल छह सौ पचास. कुल आठ हज़ार एक सौ पचास. आपने पाँच हज़ार दिए हैं. तीन हज़ार एक सौ पचास बाकी हैं.”

“हम कल दे देंगे.”

“कल, यानी नौ तारीख को? पूरे तीन हज़ार एक सौ पचास?”

“दो हज़ार कल, बाकी पंद्रह को.”

“ठीक है. नौ को दो हज़ार, पंद्रह को एक हज़ार एक सौ पचास. मैं रसीद दे दूँगा.”

“और नल का क्या?”

“नल टपक रहा है, या दीवार से भी पानी रिस रहा है?”

“बस नल.”

“तो वॉशर बदलवा देता हूँ, खर्च मेरा. परसों, दस तारीख को, शाम छह बजे प्लंबर को लेकर आऊँ? आप घर पर रहेंगे?”

शेवटचे दोन प्रश्न शिष्टाचारापुरते नाहीत. खोली आपली असली तरी आत राहतो तो भाडेकरू, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यानुसार मालकाला जागा पाहायची असली तर आधी कळवून, योग्य वेळीच पाहता येते. रोख पैसे घेतले की पावती देणंही याच कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून ‘रसीद’चं वाक्य बोलण्यात यायलाच हवं. ‘करता हूँ’ऐवजी ‘करवा देता हूँ’ किंवा ‘करवा दूँगा’ म्हणण्याचं कारणही साधं आहे : काम आपण स्वतः करणार नाही, करून घेणार आहोत. “मैं नल ठीक करता हूँ” असं म्हटलं तर मालकच पाना घेऊन येणार असं वाटतं.

बोलणं झालं की ते लगेच लिहून पाठवावं. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्यामुळे मराठी मालकाला हे सोपं जातं. मेसेज इतकाच पुरे : “बाकी 3,150. 9 तारीख को 2,000, 15 तारीख को 1,150. नल का वॉशर 10 तारीख को शाम 6 बजे बदला जाएगा, खर्च मकान मालिक का.” भाडेकरूचं ‘ठीक है’ उत्तर आलं की कोण, किती, कधीपर्यंत आणि खर्च कोणाचा, ही चारही उत्तरं दोघांच्या फोनमध्ये एकसारखीच राहतात. पंधरा तारखेला ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असा वाद निघाला, तर हाच मेसेज उघडून दाखवावा.