आठवण विचारावी कशी?

वृद्ध माणसाला ‘हे कोणत्या साली घडले?’ असे विचारले की बहुधा गोष्ट तिथेच खुंटते. आपली माणसे सनावळीने आठवत नाहीत. लग्न, बाळंतपण, दुष्काळ, पूर यांच्या खुणेने आठवतात. म्हणून साल आपण मागाहून काढावे. ‘थोरला तेव्हा रांगत होता का? मिलो खाल्ला त्याच्या आधीचे की नंतरचे?’ असे विचारावे. मिलो म्हटले की १९७२ चा दुष्काळ आपोआप पुढे उभा राहतो.

पुण्याचेच उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठेत वाढलेल्या एखाद्या आजींकडे आपण गेलो आहोत असे समजा. ‘फार भयंकर पूर होता ना?’ असे विचारले तर ‘हो बाई, फार भयंकर’ एवढेच उत्तर मिळेल, कारण ते आपणच त्यांच्या तोंडी घातलेले असते. त्यापेक्षा, ‘आजी, त्या दिवशी सकाळी तुम्ही घरात काय करत होता?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे भल्याभल्यांना साधत नाही! आजी थांबल्या तर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

आता आजी म्हणाल्या, ‘धरण रात्री फुटलं.’ धरण फुटले सकाळी. पण बोलण्याच्या भरात त्यांना अडवू नये; एकदा चूक दाखवली की पुढचे प्रत्येक वाक्य त्या भीत भीत बोलतील. ‘हे तुम्ही पाहिलंत, की कुणी सांगितलं?’ एवढेच हळूच विचारावे. कदाचित त्यांच्या मनात ती दिव्यावाचून काढलेली रात्रच ठसली असेल. लिहिताना त्यांचे शब्द तसेच ठेवावेत आणि खरी वेळ खाली वेगळ्या टिपेत द्यावी. ‘रात्री’ खोडून ‘सकाळी’ केले, तर धरणाची वेळ सुधारेल, पण आजींची आठवण हरवेल.

ध्वनिमुद्रण करायचे तर यंत्र आधी दाखवावे, परवानगी घ्यावी, आणि आरंभी तारीख, स्थळ व दोघांची नावे बोलून घ्यावीत. पंखा बंद करावा; त्याची घरघर कानाला जाणवत नाही, पण मुद्रणात शब्द खाते. तास-दीड तासाहून अधिक बसू नये. घरातले कुणी मधेच ‘तसं नव्हतं, आई’ म्हणू लागले, तर त्यांची आठवण दुसऱ्या दिवशी निराळी घ्यावी.

डोळे भरून आले तर विषय घाईने बदलू नये. ‘थांबूया का?’ असे विचारावे आणि त्या म्हणतील तसे करावे. लिहून झाल्यावर मजकूर त्यांना वाचून दाखवावा. शेजाऱ्यांच्या घरातली एखादी गोष्ट त्या बोलून गेलेल्या असतात. ‘हे छापू नका हं’ म्हणाल्या, तर कारण न विचारता तेवढा भाग छापायच्या प्रतीतून काढावा, आणि मूळ मुद्रणाचे काय करायचे तेही त्यांनाच विचारावे.