भाऊबीजेला येणार नाही, हे सांगायचं कसं?

दसरा झाला की आमच्या नांदेड-लातूरकडच्या लेकीबाळींना वेध लागतात ते मुराळ्याचे. कुणाचा भाऊ मोटारसायकलवर येतो, कुणाचा भाचा एसटीनं येतो, कुणाला नुसताच फोन येतो, 'ये गं, पोरांना घेऊन ये.' तेवढ्यानंसुद्धा पिशव्या भरायला हात शिवशिवतात. पण मैत्रिणींनो, काही घरांतून या फोनच्या शेपटाला अलीकडं आणखी एक वाक्य येतं. 'आलीस की एका कागदावर सही करून टाक, नुसतं नावाला आहे.'

तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. भाऊबीजेची आणि त्याची गाठ पडायलाही कारण आहे. महाराष्ट्रात 1994 सालीच आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा दिला. 'वडील त्या तारखेआधीच वारले होते' म्हणून कुणी आडवं आलं तर काय, हा घोळ सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात मिटवला. मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. तेव्हापासून बहिणींच्या सह्या घेतल्याशिवाय भावांना जमीन निर्वेध आपल्या नावावर करता येत नाही. आणि सगळ्या बहिणी एका छताखाली कधी सापडतात? भाऊबीजेलाच!

माझ्या माहेरी हेच झालं. वडिलांच्या मागं दहा एकर रान. वारस पाच : माय, दोघं भाऊ, आम्ही दोघी बहिणी. रान वडिलोपार्जित धरा की वडिलांनी घेतलेलं धरा, आमच्या घरात हिशेब एकच निघतो, प्रत्येकी दोन एकर. आम्हा बहिणींना कुणाला रान कसायचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की आधी मायचे दोन एकर तिच्या नावानं वेगळे करा, मग आमच्या सह्यांचं बघू. मायचाही हिस्सा त्याच कागदात सोडवून घ्यायचा बेत होता. फोनवर दोनदा बोलणं झालं. दुसऱ्या वेळी थोरला म्हणाला, "हिस्सा हवा असंल तर माहेर विसर." आणि फोन ठेवला. हे मिटलं नव्हतं आणि दिवाळी पंधरा दिवसांवर होती. ओवाळायला बसायचं, सगळे गोड बोलणार, फराळ झाला की कागद पुढं येणार, आणि भरल्या घरात मी 'नाही' म्हणायचं! मी ठरवलं, यंदा जायचं नाही.

ठरवणं सोपं होतं हो. सांगायचं कुणाला आणि काय, ते अवघड. माय, आत्या, धाकटी बहीण, दोन्ही वहिन्या, आणि इकडं सासूबाई. पहिला मोह होतो तो सबब सांगण्याचा. 'पोराची परीक्षा आहे', 'ह्यांना सुट्टी नाही', 'बरं वाटत नाही.' माहेरच्या सणाला सबब फार टिकत नाही, कारण तिला लगेच उपाय निघतो. परीक्षा असेल तर "एका दिवसासाठी ये." सुट्टी नसेल तर "मुराळी पाठवतो." आजारी असाल तर सगळं गणगोत बघायलाच येतं, आणि कागद पिशवीत घालून! तीन दिवसांत सबब फुटली, की तुमच्या खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवत नाही. काहीच न सांगता नुसतं न जाणं त्याहून वाईट. रिकाम्या पाटाचा अर्थ मग गावच लावतं, 'वावरासाठी भाऊ तोडला.'

म्हणून मी कारण खरंच सांगायचं ठरवलं, पण चार वाक्यांत. ती आधी वहीत लिहून काढली. पहिल्या वाक्यात काय करणार नाही : "यंदा भाऊबीजेला मी येत नाही." दुसऱ्यात का, पण कुणाला दोष न देता : "जमिनीच्या कागदावरून दादाचं नि माझं बोलणं अर्धवट राहिलंय, आणि ते सणात काढायचं नाही." तिसऱ्यात काय तुटलेलं नाही : "मायला मी दर आठवड्याला फोन करते, तो करणारच." चौथ्यात पुढचा दिवस : "देवदिवाळी झाली की चौघं भावंडं आणि माय मिळून, कागद समोर ठेवून बोलू." बस्स. 'दादा असं म्हणाला, वहिनीनं शिकवलं' हे त्यात कुठंच नाही. कारण ऐकणाऱ्याला निकाल द्यायला लावलं, की ती व्यक्ती कुठल्या तरी बाजूला जाते. तिनं निरोप समजून घ्यावा एवढंच आपल्याला हवं असतं. आणि 'वहिनीनं शिकवलं' म्हटलं, तर ज्या बाईचं नाव त्या सातबारावर नाही तिच्याच डोक्यावर सगळं फुटतं.

आधी कुणाला सांगायचं, यालाही महत्त्व आहे. मी पहिला फोन थोरल्यालाच केला. त्यानं उचलला नाही, म्हणून तीच चार वाक्यं त्याच्या एकट्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. भावकीच्या ग्रुपवर नाही! ग्रुपवर टाकलं असतं तर चुलत्यांच्या देखत त्याला उत्तर देणं भाग पडलं असतं, आणि चारचौघांत माणूस माघार घेत नाही. त्यानंतर मायला फोन. मायला मी निरोप्या केलं नाही. "तू दादाला सांग" म्हटलं असतं तर दोघांचाही राग तिनंच सोसला असता. तिला एवढंच म्हटलं, "तुला कुणी विचारलं तर म्हण, तिचं तिलाच विचारा."

आत्याचा फोन अपेक्षेप्रमाणं आलाच. "असं कामून करायलीस गं? वर्षाचा सण हाय. सण झाल्यावर भांडा की!"

"आत्या, म्हणूनच येत नाही. आले तर सणातच भांडण होईल."

"माणसं काय म्हणतील?"

"म्हणतील दोन दिवस. तुम्ही म्हणा, कागदाचं बोलणं राहिलंय, दिवाळीनंतर करणार हाय."

"अन् मायच्या जिवाला काय वाटंल?"

इथं घसा दाटतो. या प्रश्नाला आपल्याकडं तयार उत्तर नसतं आणि ते आणूही नये. मी म्हटलं, "वाईट वाटंल. मलाबी वाटायलंय." पुढं काही जोडलं नाही. इथं 'पण' आला, की पुन्हा पहिल्यापासून वाद सुरू होतो. आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं, देवदिवाळीनंतर बसा मग."

आपला निरोप नीट पोचला का, हे कळायची एक खूण आहे. तो फिरून आपल्याकडं येतो तेव्हा कसा आलाय ते बघायचं. आठवड्यानं धाकट्या बहिणीच्या जावेकडून मला कळलं ते असं : "तुमचं म्हणे दिवाळीनंतर बसून बोलायचं ठरलंय." म्हणजे चौथं वाक्य टिकलं होतं. तेच जर "तुम्ही म्हणे माहेर सोडलं" असं आलं असतं, तर कुठं तरी मोडतोड झाली होती असं समजून ज्याच्याकडून आलं त्यालाच ती चार वाक्यं पुन्हा सांगावी लागली असती. म्हणून सगळ्यांना अगदी एकसारखंच सांगायचं. आत्याला थोडं जास्त, बहिणीला थोडं तिखट असं केलं, की दोघी एकमेकींशी बोलतात आणि तुम्ही दुतोंडी ठरता.

एक शब्द मात्र टाळायचा, तो म्हणजे 'जोपर्यंत'. 'जोपर्यंत दादा माफी मागत नाही तोपर्यंत उंबरा चढणार नाही' हे रागाच्या भरात फार सहज येतं. पण अशा शपथा आपल्याकडं वीस-वीस वर्षं पाळल्या जातात. पुढं लग्न निघतं, मयत होते, तेव्हा शपथ मोडली तर हसं आणि पाळली तर जन्माची खंत. 'यंदा' म्हणा. यंदाची भाऊबीज, एवढंच.

सासूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की तसंच करतात." मी नको म्हटलं. ज्याला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं. माझे दोघं आहेत. धाकट्या बहिणीबरोबर मी फराळाचा डबा पाठवला होता, दोघा भावांच्या नावानं वेगवेगळा, आणि कुंकवाची पुडी. बहिणीलाही 'तू पण जाऊ नको' म्हटलं नव्हतं. तिनं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं. फक्त, कागद पुढं आला तर "ताईसोबत बसून वाचल्याशिवाय सही नाही" एवढं म्हणायचं तिनं स्वतःहून कबूल केलं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सणाला न जाणं ही कायद्याची कारवाई नाही. त्यानं तुमचा हक्क वाढत नाही की राखला जात नाही, आणि ओवाळायला गेलात म्हणून तो जातही नाही. हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडं नोंदणी व्हावी लागते. घरी दिवाणावर बसून साध्या स्टॅम्पपेपरवर केलेल्या सहीनं जमिनीचा हिस्सा जात नाही. पण असा सही केलेला कागद किंवा जबाब पुढं करून तलाठी कार्यालयात फेरफाराची खटपट होऊ शकते, आणि मग तो निस्तरत बसावं लागतं. म्हणून गावचा सातबारा अधूनमधून बघत जा. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत लेखीच द्यायची आणि पोच घ्यायची. हरकत आली की तो फेरफार तक्रारीच्या नोंदवहीत जातो आणि सुनावणी होते. ही हरकत म्हणजे भावावर केस नव्हे, हेही आत्याला सांगता येतं.

मी तेव्हा सातबारा पाहिला, वारसांत पाचही नावं होती. म्हणून हरकतीची गरज पडली नाही, नुसतं सांगण्यावर भागलं. नावं नसती, तर आधी तलाठी कार्यालय आणि मग आत्याचा फोन, असा क्रम लावावा लागला असता.

देवदिवाळीनंतर बैठक झाली. पहिल्या दिवशी थोरला आलाच नाही. दुसऱ्या खेपेला आला, तासभर तोंड फिरवून बसला, आणि उठताना म्हणाला, "मायचं तेवढं वेगळं करू. तुमचं नंतर." मायच्या वाटणीची मोजणी मागायची, इथवर गाडं आलंय. आमच्या दोघींच्या सह्या अजून झालेल्या नाहीत आणि पुढची दिवाळी येईलच. तोवर नाही मिटलं तर पुन्हा चार वाक्यं लिहीन. पहिलं तेच असेल, शेवटच्या वाक्यातला दिवस तेवढा नवा.