संदेशलेखनातील स्वरखुणा : काकु, उपरोध आणि आदरार्थी बहुवचन

भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या संदेशांच्या शेवटी अलीकडे `/s` किंवा `/j` अशी अक्षरे जोडलेली आढळतात. पहिल्या खुणेचा अर्थ 'हे उपरोधाने म्हटले आहे' असा, तर दुसरीचा 'ही थट्टा आहे' असा. या खुणांना प्रस्तुत लेखात स्वरखुणा असे म्हटले आहे. त्या विरामचिन्हे नव्हेत. विरामचिन्ह वाक्याची रचना दाखविते. स्वरखूण बोलणाऱ्याचा हेतू दाखविते. मराठीला अशा खुणेची गरज कितपत आहे आणि कोठे आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. विशिष्ट अभिप्रायाने केलेल्या स्वरातील बदलास 'काकु' असे म्हणतात. नवव्या शतकात रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद मानले व काकूला अलंकारांत स्थान दिले. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्यास हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, काकु हा पाठाचा, म्हणजे म्हणण्याच्या रीतीचा धर्म आहे. मग तो शब्दाचा अलंकार कसा ठरावा? या वादात संदेशलेखनाची सारी अडचण सामावलेली आहे. राजशेखराचे म्हणणे मान्य केले, तर उच्चार गेला की काकूही गेला असेच मानावे लागते. लिहिलेल्या संदेशात उच्चार नसतो. उरतात ती केवळ अक्षरे.

ही उणीव लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही वाक्ये उपरोधाने व काही गंभीरपणे सांगावयाची होती आणि ऐकणाऱ्याने वा वाचणाऱ्याने त्यांतील भेद ओळखावयाचा होता. ईमेलने पाठविलेल्या वाक्यांतील भेद शेकडा सुमारे ५६ वेळा ओळखला गेला. आवाजातून सांगितलेल्या वाक्यांतील शेकडा सुमारे ७३ वेळा. केवळ अंदाजाने उत्तर दिले तरी शेकडा ५० उत्तरे बरोबर येतात, हे लक्षात घेता पहिला आकडा किती तोकडा आहे ते कळते. पाठविणाऱ्यांची अपेक्षा मात्र दोन्ही प्रकारांत शेकडा ७८ च्या आसपास होती. याचे कारण उघड आहे. लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात तो स्वर वाजत असतो, आणि तो कागदावर उतरलाच आहे असा त्याचा समज होतो.

स्वरखुणेचा उगमही अशाच गैरसमजात आहे. १९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर एका उद्वाहकात पारा सांडल्याची विनोदी सूचना आली आणि काहींनी ती खरी मानली. त्यावरील चर्चेत स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर रोजी विनोदासाठी `:-)` ही खूण सुचविली. `/s` चे मूळ निराळे आहे. संकेतस्थळांच्या लेखनपद्धतीत एखादा भाग जेथे संपतो तेथे तिरक्या रेघेची खूण घालतात. तिचे अनुकरण करून काही लोक उपरोधपूर्ण मजकुराच्या शेवटी विनोदाने पुढीलप्रमाणे लिहू लागले :

```
</sarcasm>
```

पुढे कंस गळाले, शब्द आखडला, आणि रेघ व आद्याक्षर एवढेच उरले. २०२० च्या सुमारास अशा खुणांचा विस्तार होऊन त्यांच्या याद्या तयार झाल्या. शब्दांमागील स्वर ओळखणे ज्यांना कठीण जाते अशा स्वमग्न वाचकांची सोय हे त्यामागील एक मुख्य कारण होते.

आता मराठीकडे वळू. मराठीत काकूचे काम काही प्रमाणात शब्द आणि प्रत्ययही करतात. 'म्हणे' हा शब्द ऐकीव गोष्टीवरील अविश्वास सुचवितो. छापील मजकुरात कंसातील उद्गारचिन्ह तेच कार्य करते. परंतु सर्वांत सूक्ष्म साधन म्हणजे आदरार्थी बहुवचन होय. उदगीर येथील एखाद्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांचा गट कल्पावा. एकाने सोमवारी द्यावयाची टिपणे गुरुवारी पाठविली. त्यावर मित्र लिहितो :

'वा, फारच लवकर पाठवलीत टिपणे!'

एरव्ही हे दोघे एकमेकांना 'तू' म्हणतात. त्या नात्यात क्रियापद 'पाठवलीस' असे हवे होते. 'स' च्या जागी 'त' आला, आणि अकारण दिलेल्या या आदराने उपरोध उघडा केला. येथे `/s` जोडण्याची आवश्यकता नाही. क्रियापदाच्या अंत्याक्षरातच ती खूण आहे. लातूर-उदगीरकडील बोलीत 'काय करायलास?' आणि 'काय करायलाव?' यांतील भेदाचाही असाच उपयोग होऊ शकतो.

परंतु हेच वाक्य विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकांना पाठविले असे समजा. त्यांनी प्रबंधाच्या प्रकरणावरील टिपणे चार दिवसांत पाठविली आहेत आणि विद्यार्थ्याला मनापासून आनंद झाला आहे. या नात्यात 'पाठवलीत' हेच नेहमीचे रूप असल्यामुळे प्रत्यय काहीच सांगत नाही. 'वा' आणि 'फारच' हे दोन शब्द मात्र उपरोधाकडे झुकणारे आहेत. चार दिवस हा काळ मार्गदर्शकांना स्वतःलाच थोडा अधिक वाटत असेल, तर ते या वाक्यात टोमणा वाचतील. म्हणजे समवयस्कांत जे साधन उपयोगी पडते, तेच वडीलधाऱ्यांशी बोलताना निरुपयोगी होते. आणि गैरसमजाची किंमत तर तेथेच अधिक मोजावी लागते.

अशा ठिकाणी स्वरखूण हा उपाय ठरेल काय? मनःपूर्वकता दर्शविण्यासाठी `/gen` ही खूण प्रचारात आहे. परंतु ती वाचणाऱ्याला ठाऊक असली पाहिजे. शिवाय खुणांत परस्परविरोधही आहे. `/s` म्हणजे उपरोध, तर `/srs` म्हणजे गांभीर्य. नवख्या वाचकाने `/s` चा अर्थ 'गंभीरपणे' असा लावला, तर खुणेने हेतू उलटाच पोचविला असे होईल. दुसरी मर्यादा व्याप्तीची. संदेशात तीन वाक्ये असतील आणि खूण अखेरीस असेल, तर ती तिन्हींना लागू की शेवटच्या एकालाच, हे कळत नाही. तिसरी मर्यादा अशी की, `/j` ही खूण हेतू सांगते, परिणाम पुसत नाही. झोंबणारे वाक्य लिहून पुढे `/j` जोडल्याने ते कमी झोंबते असे नाही. उलट दुखावलेल्याला तक्रार करण्याची सोय मात्र उरत नाही.

तेव्हा स्वरखुणेचे क्षेत्र मर्यादित आहे असेच म्हणावे लागते. ज्या गटात सर्वांना संकेत ज्ञात आहे, आणि परस्परांचा परिचय किंवा 'तू-तुम्ही' चा पालट अर्थ पोचविण्यास पुरा पडत नाही, तेथे ती उपकारक आहे. मार्गदर्शकांना लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र वाक्यच बदलावे : 'चारच दिवसांत टिपणे मिळाली, त्यामुळे प्रकरण याच आठवड्यात पुरे करता येईल.' या वाक्याला काकूची अपेक्षाच नाही, कारण त्यात कृतज्ञतेचे कारण शब्दांनीच सांगितले आहे.