अर्जंट शिलाईचे जादा पैसे

धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, आणि ती तारीख कुणासाठी पुढे सरकत नाही. त्यामुळे नवरात्र बसलं की रोह्यातल्या लेडीज टेलरला "परवापर्यंत द्याल ना?" हे ऐकावंच लागतं. हो म्हणायचं तर जादा पैसे घ्यायलाच हवेत. ते किती, हे मात्र गर्दीच्या आधी ठरवून ठेवावं.

आकडा कसा काढायचा

समजा, अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ४०० रुपये आहे आणि मुदत दहा दिवसांची. कारागिराला नगामागे १५० देत असाल, तर रात्री थांबवल्यावर २२५ द्यावे लागतील. हूक-काज आणि हातशिलाई करणाऱ्या बाईंना ४० ऐवजी ६०. म्हणजे ९५ रुपये खरोखर जादा गेले. हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही कटिंगला बसलात, त्याचे ५५ धरा. झाले १५०. असा हिशेब असला की आकडा सांगताना जीभ अडखळत नाही. फॉल-पिको दुपारच्या मोकळ्या वेळात होऊन जातं. त्याला जादा लावू नये.

पैसे देऊनही न होणारं

सुती अस्तर भिजवून, वाळवून मगच कापायचं असतं. ते टाळलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि शिवणीपाशी चुण्या पडतात. परतीच्या पावसात अस्तर रात्रभरात वाळेलच असं नाही. म्हणून 'आज टाकते, उद्या द्या' याला दीडशे काय, पाचशे मिळाले तरी नाही म्हणावं. ट्रायललाही वेळ नसतो. तेव्हा अंगात नीट बसणारा जुना ब्लाऊज मापाला मागावा आणि बाजूच्या शिवणीत थोडी जास्त माया ठेवावी. एका रात्रीत कारागिराच्या हातून जेवढे नग नीट होतात, तेवढेच अर्जंट घ्यावेत.

सांगायचं कसं

माप घ्यायच्या आधी सांगावं. ब्लाऊज तयार झाल्यावर सांगितलं की बाईंना ते अडवणूक केल्यासारखं वाटतं. आधी नेहमीचा भाव, मग जादा, मग कारण:

"ताई, नेहमीसारखा दिलात तर दहा दिवसांनी चारशेत मिळेल. परवा संध्याकाळी हवा असेल तर दीडशे जादा पडतील, कारागिराला रात्री थांबवावं लागतं. कसं करू?"

शेवटचा प्रश्न खरोखर विचारावा आणि उत्तराची वाट बघावी. 'अर्जंट म्हटलं की पैसे लागणारच' असं तोडून बोलू नये. ओळखीच्या बाई "आमच्याकडून पण?" म्हणाल्या, तर "ताई, शिलाईत तुमच्यासाठी बघते, पण हे कारागिराच्या रात्रीचे आहेत" एवढं पुरतं.

पावतीवर

शिलाई ४००, अर्जंट १५०, अशा दोन ओळी लिहाव्यात आणि खाली देण्याचा वार व वेळ. सांगितलेली वेळ चुकली, तर ती दुसरी ओळ बाईंसमोरच खोडून चारशेच घ्यावेत. कारागिराचे २२५ मात्र त्याला द्यायचेच. तो रात्री थांबलेला असतो.