डोळे घडवणाऱ्या जनुकाचं नाव लिहिताना

गर्भात डोळे तयार होण्याची सुरुवात ज्या जनुकाच्या हुकमाने होते, ते माणसात आहे, उंदरात आहे, माशीतही आहे. वैद्यकीय अहवालात ते *PAX6* असं छापलेलं दिसतं. उंदरांवरच्या शोधनिबंधात ते *Pax6* होतं. झेब्राफिश या लहानशा माशात त्याच्या दोन प्रती असल्याने तिथे *pax6a* आणि *pax6b* अशी जोडी भेटते. फळमाशीत तर नावच वेगळं, *eyeless*. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईतली ढिलाई वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक प्राण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी आपापले नियम ठरवलेले आहेत. ते माहीत असले, की नुसत्या अक्षरांच्या ठेवणीवरून जनुक कोणत्या प्राण्याचं, आणि बोलणं जनुकाबद्दल चाललंय की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाबद्दल, हे बहुतेक वेळा कळतं.

सर्वांत जुनी परंपरा फळमाशीची. 1910 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्या जनुकाचं नाव *white* पडलं. तेव्हा जनुक म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दिसत होता तो फक्त बिघाड, म्हणून नाव बिघाडाचं. *eyeless* हे नावही तसंच आलं. 1915 च्या सुमारास खुरटलेल्या किंवा नाहीशा झालेल्या डोळ्यांच्या माश्या नोंदल्या गेल्या, आणि जे बिघडल्यावर डोळे जातात त्या जनुकाला 'डोळेविरहित' म्हटलं गेलं. त्यामुळे फळमाशीच्या जनुकाचं नाव उलटं वाचायचं असतं. *eyeless* हे डोळे घडवणारं जनुक आहे.

या नावाचं पहिलं अक्षर लहान आहे, कारण जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दोष दिसतो, म्हणजे तो अप्रभावी आहे. एकच प्रत बिघडून दोष दिसत असेल, म्हणजे तो प्रभावी असेल, तर पहिलं अक्षर मोठं. हा फरक वरवरचा नाही. अंग काळं करणाऱ्या *black* या जनुकाचं चिन्ह *b* आहे आणि डोळा अरुंद पट्टीसारखा करणाऱ्या *Bar* चं चिन्ह *B*. ही दोन पूर्णपणे वेगळी जनुकं. इंग्रजी अहवालात वाक्य *black* ने सुरू झालं आणि संगणकाने आपणहून पहिलं अक्षर मोठं केलं, की नावाचा अर्थच बिघडतो. म्हणून जाणते लेखक अशी वाक्यं फिरवून लिहितात, जनुकाचं नाव वाक्याच्या तोंडाशी येऊच देत नाहीत.

आता तिरप्या अक्षरांकडे येऊ. जनुकाचं नाव तिरपं, प्रथिनाचं सरळ, हा नियम जवळपास सगळीकडे सारखा आहे. *eyeless* तिरपं लिहिलं की जनुक, Eyeless सरळ लिहिलं की प्रथिन. उंदरात *Pax6* जनुक आणि PAX6 प्रथिन. जनुकावरून उतरवलेल्या आरएनएचं नावही तिरपंच लिहितात. समजा, एका अहवालात म्हटलंय की अमुक पेशींमध्ये Pax6 वाढलं. काय वाढलं? आरएनए वाढला म्हणून प्रथिन वाढेलच असं नाही, आणि दोन्ही मोजायच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. इथे चूक पकडायची एक सोपी खूण मला फार उपयोगी वाटते. मोजमाप पीसीआरने केलं असेल तर बोलणं आरएनएबद्दल आहे, नाव तिरपं हवं. प्रतिपिंड वापरून पेशी रंगवल्या असतील तर दिसतंय ते प्रथिन, नाव सरळ हवं. पद्धत एक सांगते आणि अक्षरं दुसरंच सांगतात, तेव्हा लेखकाचा गोंधळ फक्त छपाईपुरता नसतो.

एकाच जनुकाची बदललेली रूपं असतात, त्यांना अलील म्हणतात. उंदरांमध्ये एक जुनं वाण होतं, Small eye, चिन्ह *Sey*. एक प्रत सदोष असली की डोळे लहान. दोन्ही सदोष असल्या की पिल्लाला डोळेही नसतात, नाकही नसतं आणि जन्मल्यावर ते लगेच मरतं. पुढे 1991 मध्ये कळलं, की हे वेगळं जनुक नाहीच, *Pax6* मध्येच झालेला बिघाड आहे. तेव्हा *Sey* हे नाव पुसलं नाही, ते *Pax6* च्या खांद्यावर गेलं: *Pax6<sup>Sey</sup>*. एक प्रत अशी आणि दुसरी निरोगी असलेला उंदीर *Pax6<sup>Sey</sup>*/*Pax6<sup>+</sup>* असा लिहितात. प्रयोगशाळेत मुद्दाम बदललेल्या अलीलचं चिन्ह आणखी बोलकं असतं. *Pax6<sup>tm1Pgr</sup>* मधलं tm म्हणजे ठरवून केलेला बदल, 1 म्हणजे त्या प्रयोगशाळेने या जनुकात केलेला पहिला, आणि Pgr हा पीटर ग्रूस यांच्या प्रयोगशाळेचा नोंदवलेला संकेत. कोणाचा उंदीर, हे चिन्हातच आलं. फळमाशीतही अलील खांद्यावरच बसतो, *ey<sup>2</sup>* असा. सूत्रकृमीत मात्र तो कंसात जातो: *vab-3(e648)*. हे *vab-3* म्हणजे सूत्रकृमीतलं *PAX6* चं भावंड.

हे सगळं एकाच प्रयोगात पणाला लागतं. 1995 साली बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग आणि त्यांचे सहकारी गेओर्ग हाल्डर व पॅट्रिक कॅलर्ट्स यांनी *eyeless* हे जनुक माशीच्या भलत्याच भागांत चालू केलं. पंखांवर, पायांवर, स्पर्शिकांवर डोळे उगवले. मग त्यांनी माशीत उंदराचं जनुक चालू केलं, तरीही डोळे उगवले, आणि ते उंदराचे नव्हे, माशीचे अनेक भिंगांचे डोळे होते. हा प्रयोग 'माशीत Pax6 चालू केलं' एवढ्या वाक्यात मांडला तर त्यातला आश्चर्याचा भागच हरवतो. उंदराचं की माशीचं? माशीचं असेल तर कोणतं? कारण फळमाशीत त्याच कुळातलं *twin of eyeless*, चिन्ह *toy*, हे दुसरं जनुकही आहे. म्हणून माशीच्या नोंदींत परक्या जनुकाआधी त्याच्या प्राण्याचा संकेत जोडतात आणि उंदराचं जनुक *Mmus\Pax6* असं लिहितात.

खरा घोटाळा मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना होतो. साध्या ईमेलमध्ये किंवा तक्त्यात चिकटवला की तिरपेपणा जातो, खांद्यावरचे आकडे खाली उतरतात. *ey<sup>2</sup>* चं ey2 झालं की तो अलील न वाटता ey2 नावाचं नवंच जनुक वाटतं. यासाठी माशीवाले चौकोनी कंस वापरतात आणि उंदीरवाले टोकदार:

```
ey[2]
Pax6<Sey>
```

अहवाल पाठवण्याआधी खांद्यावरचं प्रत्येक चिन्ह मूळ मजकुराशी ताडून पाहावं. शोध-आणि-बदल हा आदेश सरसकट चालवू नये, कारण त्याने प्रथिनांची नावंही तिरपी होतात.

नियमांनाही मर्यादा आहेत. माणसाचं आणि उंदराचं प्रथिन दोन्ही PAX6 असंच लिहिलं जातं, त्यामुळे मानवी पेशी उंदरात रोपल्या असतील तर कोणतं प्रथिन कोणाचं, ते शब्दांतच सांगावं लागतं. जुन्या निबंधांत उंदराचं प्रथिन Pax6 असंही छापलेलं सापडतं. मराठीत लिहिताना तर ही अडचण पहिल्या ओळीपासूनच आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे 'पॅक्स-सिक्स' लिहिलं की माणूस, उंदीर आणि झेब्राफिश एकाच नावात विरघळतात. म्हणून मराठी मजकुरातही चिन्ह रोमनमध्येच ठेवावं आणि त्याच्या शेजारी प्राण्याचं नाव व 'जनुक' किंवा 'प्रथिन' हा शब्द लिहावा: उंदराचं *Pax6* जनुक, माशीचं Eyeless प्रथिन.